युरो उतरला की राहणीमान भत्ता का कापतात?

प्रश्न: वाळूजच्या कंपनीने जर्मनीला पाठवलंय. युरो ९० वरून ८० रुपयांवर आला आणि भत्ता ४८,००० चा ३६,००० केला. इथं स्वस्ताई तर काहीच नाही. फसवलं का?

उत्तर: लगेच तसं समजू नका. भत्ता फक्त खर्चाच्या वाट्यावर बसतो, बचतीवर नाही. समजा, संभाजीनगरात तुमचा घरखर्च ६०,००० धरलाय आणि तसंच राहायला तिथं १,२०० युरो लागतात. ९० च्या दराने ते १,०८,००० रुपये, म्हणून भत्ता ४८,०००. ८० च्या दराने ९६,०००, म्हणून ३६,०००. दोन्ही वेळा हातात १,२०० युरोच. रुपयांत कमी दिसतं, बाजाराच्या पिशवीत नाही.

खरी गोम दुसरीकडे असते. भत्ता ८० ने काढला, पण पगाराचं रूपांतर करारातल्या जुन्या ९० ने केलं, तर ९६,००० चे १,०६७ युरोच मिळतात. दरमहा १३३ युरो गेले. आमच्या एका सहकाऱ्याला हे चार महिन्यांनी कळलं. पगारपत्रकावर दोन्हीकडचा दर आणि तारीख ताडून बघा. वेगळे निघाले तर फरक मागा.