थळजवळच्या भिंतीवरचा तो दर्यावर्दी कोण?

प्रश्न: «थळजवळ एका कुंपणभिंतीवर जुनं चित्र आहे. पगडी, मिशा, हातात तलवार, मागे शिडाचं गलबत आणि समुद्रात दोन उंचवट्यांचं बेट. नावाची ओळ खाऱ्या वाऱ्याने उडालीय. तिच्या शेवटी ‘भंडारी’ वाचता येतं, त्याआधी नुसत्या उभ्या रेघा उरल्यात. कोपऱ्यात ‘शके १६०१’ असावं असं वाटतं, आणि तळाशी बारीक अक्षरात ‘समस्त भंडारी समाज’. गावात बरेच जण कान्होजी आंग्रे म्हणतात. ‘भंडारी’ हे चित्र काढून घेणाऱ्यांचं नाव असेल का? खात्री कशी करायची?»

चेहऱ्यावरून ओळखायचा विचार आधी सोडा. पगडी, मिशा, तलवार आणि मागे गलबत हे कोकणातल्या कुठल्याही आरमारी वीराच्या चित्रात असतं, आणि रंगारी बहुतेक वेळा हाताशी असलेल्या एखाद्या छापील चित्रावरूनच ते उतरवतो. उत्तर अक्षरांत आणि आकड्यात आहे. त्यातही आकड्यातला तिसरा अंक सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

शके म्हणजे शालिवाहन शक. इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवायचे. तारीख १ जानेवारी ते गुढीपाडवा यांच्या मधली असेल तर ७९. म्हणजे शके १६०१ हे १६७९ साल. ‘शके’ शब्द नीट दिसत नसेल तर लोक १६०१ हा इसवी सनच धरतात, मग कोणाचाच काळ जुळत नाही आणि शेवटी ‘रंगाऱ्याने चुकीचं लिहिलंय’ असं ठरतं.

खरी अडचण वेगळी आहे. कान्होजी आंग्रे वारले ४ जुलै १७२९ रोजी, म्हणजे शके १६५१ मध्ये. १६०१ आणि १६५१ यांत फरक फक्त तिसऱ्या अंकाचा. त्यामुळे तो अंक शून्य आहे की अर्धा उडालेला पाच, हे ठरल्याशिवाय गावकऱ्यांना चूक म्हणता येणार नाही. शून्याला कडं पूर्ण असतं, त्याला शेपूट नसते. पाचाचा वरचा भाग उघडा राहतो आणि खाली उजवीकडे शेपूट जाते. ती शेपूट शेजारच्या अंकांच्या तळरेषेपर्यंत किंवा तिच्याही खाली उतरते. म्हणून पाहायचं ते त्या कोपऱ्यात, वरच्या गोलाईत नव्हे.

हे उन्हात दिसणार नाही. अंधार पडल्यावर जा, बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाका, आणि आधी डावीकडून, मग उजवीकडून असे दोन फोटो काढा. रंग गेला तरी ऑइलपेंटच्या थराची कड चुन्यावर किंचित उंच राहते आणि तिची सावली पडते. भिंत ओली करू नका, ओल्या फडक्याने पुसू तर मुळीच नका. खाऱ्या हवेत फुगलेला चुना पाण्यासरशी पापुद्र्यांनी सुटतो, आणि उरलेला अंकही त्याच्याबरोबर जातो.

आता ‘भंडारी’. तुमची शंका रास्त आहे, कारण देणाऱ्यांचं नाव आणि ज्यांचा सन्मान आहे त्यांचं नाव एकाच भिंतीवर असतं आणि कधी कधी ते सारखंच दिसतं. पण देणारे स्वतःला ‘समस्त’, ‘सौजन्य’, ‘ग्रामस्थ’ अशा शब्दांनी ओळख देतात आणि तळाला बारीक लिहितात. ते इथे तळाला वेगळं लिहिलेलं आहेच. मग वरच्या मोठ्या ओळीत तोच शब्द देणाऱ्यांसाठी पुन्हा यायचं कारण उरत नाही. तो त्या माणसाच्या नावाचाच भाग असला पाहिजे.

१६७९, भंडारी आणि थळच्या समोरचा समुद्र हे तिन्ही जिथे जुळतं असं एक नाव आहे: मायनाक भंडारी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला त्यांना पाठवलं. सोबत दीडशे माणसं आणि चार लहान गलबतं होती. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली आणि ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली, तरी बांधकाम थांबलं नाही. चित्रातलं दोन उंचवट्यांचं बेट खांदेरीशी जुळतं. शेजारी सखल, बसकं बेट काढलं असेल तर ते उंदेरी. बेटावर दीपगृह दिसलं तर त्यावरून काळ ठरवू नका. ते १८६७ चं आहे. रंगाऱ्याने किनाऱ्यावरून आज दिसतं तसं बेट काढलं, एवढाच त्याचा अर्थ.

तरी नुसतं जुळतंय म्हणून थांबू नका, उरलेल्या रेघा मोजा. ‘मायनाक’ लिहिताना शिरोरेषेखाली सहा उभ्या रेघा येतात: म, काना, य, न, काना आणि क. शेवटची ‘क’ची रेघ मधोमध असते, तिच्या दोन्ही बाजूंना गोलाई उरलेली दिसायला हवी. शिरोरेषेच्या वर मात्र काहीच नसतं. तिथे मात्रांच्या खुणा असतील तर ‘मैनाक’ असं लिहिलेलं असू शकतं, तेही रूप चालतं, मात्र तेव्हा पहिला काना आणि ‘य’ अशा दोन उभ्या रेघा कमी होऊन चारच उरतात. ‘कान्होजी’त ओकाराची मात्रा आणि दीर्घ वेलांटी दोन्ही शिरोरेषेच्या वर जातात, आणि शिवाय त्या नावाची ओळ ‘भंडारी’वर संपायचं कारणच नाही. ‘सरखेल’ हा शब्द कुठे सापडला तर मात्र पुन्हा विचार करा, कारण ती पदवी आंग्र्यांची.

१६७९ खरं ठरलं तर कान्होजी आपोआप बाद होतात. त्यांचा जन्म साधारण १६६९ चा, म्हणजे तेव्हा ते दहाएक वर्षांचे. त्याच मोहिमेतले दौलतखान हे काळाच्या दृष्टीने बसतात, पण नावाच्या दृष्टीने नाही.

गावकरी कान्होजी म्हणतात त्यालाही आधार आहे, तो समजून घेतलात तर बोलणं सोपं जाईल. खांदेरीचं सरकारी नाव १९९८ पासून कान्होजी आंग्रे बेट आहे, आणि त्यांची समाधी अलिबागेत आहे. समोर ते बेट, मागे ती समाधी, मग भिंतीवरचा वीर कान्होजीच वाटणार.

एक सावधगिरी वस्तीबद्दल. चित्र कोळीवाड्याच्या वाटेवर आहे म्हणून ते कोळी वीराचं, किंवा भंडारी आळीत आहे म्हणून भंडाऱ्याचं, असं धरू नका. भिंत मिळाली तिथे चित्र काढलं जातं. तळाची ‘समस्त भंडारी समाज’ ही ओळ त्याहून भक्कम पुरावा आहे, कारण ती कोणीतरी मुद्दाम लिहून घेतली. मात्र त्या ओळीवरून चित्र कोणी काढून घेतलं एवढंच कळतं, कोणाचं काढलं ते नाही. भंडारी मंडळी कान्होजींचंही चित्र काढून घेऊ शकतात.

शेवटचा पुरावा माणसांकडे आहे. तळाच्या ओळीतल्या समाजाच्या जुन्या जाणत्यांना भेटा, पण ‘हे मायनाक ना?’ असं विचारू नका. तसं विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो. ‘हे चित्र कोणत्या निमित्ताने काढलं होतं?’ असं विचारा. भिंतीसमोर झालेल्या झेंडावंदनाचे किंवा बक्षीस समारंभाचे फोटो घराघरांत असतात. त्यांतल्या एखाद्यात मुलांच्या डोक्यांवर ही ओळ अख्खी दिसली तर वरची सगळी मोजणी ताडून पाहता येईल. रंगाऱ्याची सही सहसा उजव्या खालच्या कोपऱ्यात असते, तिथे गवत वाढलं असेल तर ते बाजूला करून बघा.

अंक शून्य निघाला आणि रेघा सहा भरल्या, तर ‘मायनाक भंडारी, खांदेरी, शके १६०१’ असं निःशंक नोंदवा. अंक पाच निघाला तर ‘भंडारी’च्या आधीची ओळ पुन्हा वाचावी लागेल. दोन्ही फोटो इथे टाका, ‘क’जवळचा भाग मोठा करून.