तासाच्या कँडलवर सुपरट्रेंड आणि वारंवार पलटणारा सिग्नल

प्रश्न: तासाच्या कँडलवर सुपरट्रेंड (10, 3) ऑटोमेट केलंय. बाजार आडवा असला की सिग्नल सारखा पलटतो आणि तोटा होतो. असं का?

उत्तर: सुपरट्रेंडची रेष कँडलच्या मध्यापासून 3 × ATR दूर आखली जाते आणि पलटी होईपर्यंत मागे सरकत नाही, तोटा तिथूनच येतो. समजा ATR 20 आहे आणि कँडलचे मध्य 1010 ते 1100 मध्ये फिरतायत. वरून उतरताना खालची रेष 1100 − 60 म्हणजे 1040 वर असेल, म्हणून विक्री साधारण 1035 च्या क्लोजला होते. परत चढताना वरची रेष 1010 + 60 म्हणजे 1070 वर येते आणि खरेदी 1075 ला. म्हणजे पलटीमागे 40 पॉइंट गेले, ब्रोकरेज आणि स्लिपेज वेगळंच.

बाजार ज्या पट्ट्यात फिरतो तो 3 ते 6 ATR रुंद असला की हे घडतंच. त्याहून अरुंद पट्ट्यात सिग्नल सहसा पलटतच नाही. मल्टिप्लायर 4 केलात तर हाच धोका 4 ते 8 ATR च्या पट्ट्यात जातो, टळत नाही.

माझ्या मते पलटीवर फक्त एक्झिट घ्या, लगेच उलटी पोझिशन नको. मागच्या 24 बंद कँडलचा हाय-लो फरक 6 × ATR पेक्षा जास्त असेल तरच नवी एंट्री. खरा ट्रेंड सुरू होताना यामुळे थोडा उशीर होईल. चालू कँडलवर मात्र ऑर्डर कधीच टाकू नका. क्लोजपर्यंत तो सिग्नल पुसला जाऊ शकतो.