मागच्या मीटिंगचा कार्यवाही अहवाल लिहिताना

तू आत्ताच सेक्रेटरी झालायस म्हणून सांगतो, इतिवृत्त समोर ठेव आणि त्यातल्याच ठराव क्रमांकाने एकेक ओळ घे, एकही मुद्दा गाळू नकोस, झालेला असो नाहीतर नसो. आणि स्टेटसमध्ये नुसतं ‘काम चालू आहे’ लिहू नकोस, त्यातून कुणालाच काही कळत नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एप्रिलच्या मीटिंगमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग ३१ मेपर्यंत करायचं ठरलं होतं. जुलैच्या अहवालात मी लिहिलं, ‘पावसामुळे काम थांबले’. ते खरं होतं पण अर्धवट, कारण पाऊस लागला जूनमध्ये, मे महिना तर कोरडाच होता ना! खरं असं की तीन कोटेशन घ्यायची होती, दोनच आली आणि तिसऱ्यासाठी कुणी फोनच केला नाही, कारण ते कुणाकडे आहे हे इतिवृत्तात लिहिलंच नव्हतं. मग मी ती ओळ बदलली: ‘दोन कोटेशन आली, तिसरे बाकी. पाठपुरावा कुणाकडे हे ठरले नव्हते, त्यामुळे मे महिना गेला. आता जबाबदारी खजिनदारांची, कोटेशन १५ ऑगस्टपर्यंत, काम पाऊस संपल्यावर.’ हे वाचल्यावर मीटिंगमध्ये वाद झाला नाही, थेट पुढचं बोलणं सुरू झालं.

नवी तारीख टाकलीस तरी जुनी ३१ मे खोडू नकोस, शेजारी राहू दे. आणि तीच ओळ सलग तिसऱ्यांदा ‘प्रलंबित’ आली तर ती अजेंड्यावर वेगळा विषय म्हणून घे, ठराव ठेवायचा का रद्द करायचा ते कमिटीलाच ठरवू दे.