आधी मांडणी, मग परिच्छेद, शब्द सगळ्यात शेवटी

प्रश्न: "आजोळच्या आठवणींवर ललित लेख लिहिलाय, कच्चा खर्डा तयार आहे. सुधारताना आधी शब्द नीट करू की मांडणी? सगळं एकदमच केलं तर काय बिघडतं?"

बिघडतं. कसं बिघडतं ते मी सांगलीत आमच्या लिहिणाऱ्यांच्या गटात समोर बसून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गटात मराठीचे एक निवृत्त सर होते. कुणाचाही लेख हातात आला की ते पहिल्या ओळीपासून लाल पेन चालवायचे. मी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरचा लेख नेला होता. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार, वर माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड. 2005 च्या पुरात कृष्णेचं पाणी त्यांत शिरलं आणि बरीच पेवं कायमची निकामी झाली. माझे वडील एका व्यापाऱ्याच्या पेवांची देखरेख करायचे. लेख त्याबद्दल होता.

खर्ड्याचा क्रम असा होता: सांगलीची हळदपेठ, तिथले सौदे, पेव कसं बांधतात, लहानपणी पाहिलेलं पेव उघडणं, पूर, आणि पुरानंतरचे वडील. सरांनी सौद्यांचा परिच्छेद धरला आणि त्यावर बराच वेळ घालवला. विशेषणं बदलली, दोन वाक्यं जोडली, शेवट गोळीबंद केला. परिच्छेद खरोखर देखणा झाला, सगळ्यांनी वाहवा केली. आणि त्या क्षणापासून तो लेखातून काढायची कुणाची छाती होईना. तो तिथे हवाच कशाला, हे मात्र कुणी विचारलं नाही. शब्द आधी घासले की हे होतं. वेळ वाया जातो ते सोडा, चकचकीत केलेलं वाक्य काढवत नाही, मग बाकीचा लेख त्याच्या सोयीनं वाकायला लागतो.

घरी येऊन मी लेखातल्या परिच्छेदांना आकडे दिले आणि वेगळ्या कागदावर प्रत्येकासमोर एक ओळ लिहिली. परिच्छेदात काय आहे ते लिहायचं नाही. हा वाचल्यावर वाचकाला आधी माहीत नसलेलं काय कळलं, ते लिहायचं. पहिल्या चारही परिच्छेदांसमोर एकच ओळ आली: सांगली हळदीचं गाव आहे. वडील सातव्या परिच्छेदात उगवत होते. आणि शेवटच्या परिच्छेदात ते पूर ओसरल्यावरही संध्याकाळी बुजलेल्या पेवाशेजारी जाऊन बसत होते. म्हणजे लेख वडिलांचा होता आणि मी अर्धा लेख पेठेवर खर्च केला होता. मग पेव उघडण्याचा प्रसंग पहिला घेतला. पेव आतून कसं असतं ही माहिती वडील खाली उतरतात तिथेच, लागेल तेवढी दिली. सौद्यांचा परिच्छेद पूर्ण काढला. सर म्हणाले, "एवढं चांगलं लिहिलेलं कापलंत?" मी म्हटलं, सर, चांगलं आहे, पण या लेखाचं नाही. त्यांना ते पटलं नाही, आजही पटलेलं नसणार.

मांडणी पक्की होण्याआधी शब्दांना हात लावू नये याचं दुसरं कारण मला इथे दिसलं. आठवणींच्या लेखात 'मी' दोन असतात, तेव्हाचा आणि आत्ताचा. पेव उघडल्यावर आत कोंडलेली हवा जीवघेणी असते, म्हणून ते बराच वेळ उघडं ठेवतात. वडील मग दोरीनं कंदील खाली सोडून बघायचे. खर्ड्यात हा प्रसंग मोठेपणीच्या 'मी'च्या तोंडी होता, त्यात प्राणवायूबिणवायू सगळं होतं. प्रसंग पहिला आल्यावर तो पोराच्या डोळ्यांनी दिसायला लागला. पोराला एवढंच माहीत, की कंदील विझला तर बाबा रागावून सगळ्यांना मागं सारतात. जवळपास सगळे शब्द बदलावे लागले. हवेचं कारण खूप पुढे गेलं, जिथे मोठ्या 'मी'ला कळतं की पहिले उतरणारे दर वेळी वडीलच असायचे. आधी शब्द नीट केले असते तर ते चुकीच्या माणसाच्या तोंडचे शब्द नीट केल्यासारखं झालं असतं.

मांडणी झाली हे ओळखायची माझी खूण साधी आहे. लेख न बघता कुणाला तरी तोंडी सांगायचा. सांगताना "थांब, त्याच्या आधी तुला एक सांगायला हवं" असं म्हणावं लागलं, तर क्रम अजून चुकतोय.

मग परिच्छेद. शेजारच्या दोन परिच्छेदांची अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही, तर त्यांच्यात धागा नाही. त्यानंतर प्रत्येकाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं वाचा. माझा पुराचा परिच्छेद "2005 साली कृष्णेला महापूर आला" इथे सुरू होऊन "निसर्गापुढे माणूस हतबल असतो" इथे संपत होता. वडील गुडघाभर पाण्यात उभे राहून पेवाच्या तोंडावर मातीची पोती रचत होते, ते वाक्य मधे कुठेतरी पुरलेलं होतं. ते शेवटी आणलं, हतबल माणसाला रजा दिली. शेवटच्या वाक्यात अर्थ समजावून सांगायची खोड मराठी लेखांत फार आहे. ती याच फेरीत तोडायची, कारण असं वाक्य शब्द बदलून सुधारत नाही, काढावंच लागतं.

शब्दांची फेरी मोठ्यानं वाचून करा. जिथे जीभ अडते तिथे खूण करा, लगेच दुरुस्त करत बसू नका. एकाच नामावर दोन विशेषणं, सलग वाक्यांच्या शेवटी 'होतं, होती, होते', आणि 'जणू' दिसला की थांबा. घरच्यांचं बोलणं घरच्यासारखंच ठेवा. सरांनी वडिलांच्या तोंडी "तिथून दूर व्हा" घातलं होतं. माझे वडील "मागं सरा रं" म्हणायचे, तेच छापून आलं.

एखादं वाक्य कितीही फिरवलं तरी बसत नसेल, तर दोष शब्दांत नसतो. एक पायरी वर जाऊन परिच्छेद बघा, तिथेही नसेल तर मांडणी. माझं शेवटचं वाक्य असंच छळत होतं. वडील बसलेत, एवढ्यावरच लेख संपला होता, त्यापुढचं वाक्य नकोच होतं.

आता काही गोष्टी राहिल्या. अगदी छोट्या, पानभर मजकुराला एवढ्या फेऱ्या लागत नाहीत. काहींना पहिलं वाक्य मनासारखं जमल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्यांनी ते जमवावं, फक्त ते पुढे उडू शकतं हे धरून चालावं. दोन फेऱ्यांमध्ये लेख काही दिवस बाजूला ठेवा, नाहीतर कागदावर नसलेलंही तुम्हाला दिसत राहतं. आणि शुद्धलेखन महत्त्वाचं आहे, ते मी कधीच नाकारलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ जाणकाराकडून तपासून घ्याच, पण लेखातून काय काढायचं हे ठरल्यानंतर.