हप्ता तोच, मुदत मात्र गुपचूप वाढली: कंपनीकडे काय मागायचं

प्रश्न: "खानापूर तालुक्यातला आहे. बेळगावातल्या एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं घरकर्ज चालू आहे, फ्लोटिंग दराचं. हप्ता बदलला नाही म्हणून मी निवांत होतो. परवा स्टेटमेंट काढलं तर शेवटचा हप्ता माझ्या वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी दाखवतंय. मला न विचारता असं करता येतं का? शाखेत गेलो तर 'सिस्टीमनं केलंय' म्हणतात."

उत्तर:

'सिस्टीमनं केलंय' वाचलं आणि वाटलं, माझंच स्टेटमेंट कुणीतरी इथं टाकलंय. मी वकील नाही, सीए नाही, शहापुरात दुकान आहे माझं. तेव्हा हे अनुभवाचे बोल म्हणून वाचा, आणि पैशाचा निर्णय घेण्याआधी एखाद्या जाणकाराला कागद दाखवा.

फ्लोटिंग कर्जात दर वरखाली करायचा हक्क करारावर सही करताना आपणच दिलेला असतो. त्यावर भांडत बसू नका, वेळ जातो. पण वाढलेला दर वसूल कसा करायचा, हप्ता वाढवून की मुदत लांबवून, हे त्यांनी एकट्यानं ठरवायचं नसतं. रिझर्व्ह बँकेनं 18 ऑगस्ट 2023 ला नेमकं यावरच परिपत्रक काढलं, आणि ते बँका, सहकारी बँका, एनबीएफसी, हाउसिंग फायनान्स कंपन्या या सगळ्यांना लागू केलं. जुन्या कर्जदारांनाही 31 डिसेंबर 2023 पर्यंत हे पर्याय कळवायचे होते. हप्ता वाढवा, मुदत वाढवा, थोडं हे थोडं ते करा, किंवा मधेच काही रक्कम नाहीतर सगळंच कर्ज फेडा, असे पर्याय. हप्ता किंवा मुदत वाढली की लगेच कळवायचं, आणि दर तीन महिन्यांनी मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले, दर किती, हे सांगणारं स्टेटमेंट द्यायचं. फिक्स्ड दरावर जायचा पर्यायही तेव्हा सक्तीचा होता. ऑक्टोबर 2025 पासून तो द्यायचा की नाही हे त्यांच्यावर सोडलंय, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

आता 'हप्ता तोच' म्हणजे किती महाग ते बघा. माझे आकडे गोल करून सांगतो. 20 लाख, 20 वर्षं, 7 टक्के, हप्ता 15,506. दोन वर्षांनी बाकी राहतात साधारण 19 लाख 1 हजार, आणि हप्ते उरतात 216. समजा तिथं दर एकदम साडेनऊ झाला. (खरं तर तो टप्प्याटप्प्यानं चढतो, हिशेब सोपा व्हावा म्हणून एकदम धरलाय.) त्या महिन्याचं व्याज होतं 15,053. म्हणजे 15,506 च्या हप्त्यातून मुद्दलात जातात फक्त साडेचारशे रुपये. हप्ता तसाच ठेवला तर 216 च्या जागी 448 हप्ते लागतात, सदतीस वर्षांच्या वर. मुदत जुनीच ठेवायची तर हप्ता 18,404 होतो, महिन्याला 2,900 जास्त. हाच दर शेवटपर्यंत राहिला असं धरलं तर पहिल्या वाटेनं एकूण साडेएकोणसत्तर लाख भरायचे, दुसऱ्या वाटेनं पावणेचाळीस लाख. तीस लाखांचा फरक, आणि तो तुमच्या पासबुकात कुठंच दिसत नाही, कारण दर महिन्याला कापली जाणारी रक्कम तीच असते!

कंपन्या वयाची मर्यादा लावतात म्हणून सगळ्यांचं इतकं लांबत नाही, पण तुमचं एकाहत्तर आलंय म्हणजे मर्यादेला टेकलंय असं दिसतं. पुढची वाढ झाली की मग हप्ताच वाढवतील, तेव्हा दचकू नका.

स्वतः तपासायची पद्धत सोपी आहे. बाकी मुद्दल गुणिले दर भागिले 1200, हे त्या महिन्याचं व्याज. हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दलात काय गेलं ते कळतं. व्याज हप्त्यापेक्षा जास्त निघालं आणि बाकी फिटायच्या ऐवजी वाढत असेल तर ते त्याच परिपत्रकात सरळ मना आहे, मग अर्जात पहिला मुद्दा तोच घाला.

एक वाट फार कमी लोक बघतात. वरच्याच हिशेबात दोन लाख एकरकमी मुद्दलात भरले आणि हप्ता 15,506 च ठेवला, तर 448 चे 258 हप्ते होतात. सुरुवातीला मुद्दल इतकं कमी फिटत असतं की तिथं टाकलेला पैसा जोरात काम करतो. पोस्टात किंवा एफडीत पडलेली रक्कम असेल तर माझं मत असं की आधी इथं लावा. फ्लोटिंग घरकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, कुणी मागितला तर लेखी द्या म्हणा. आणि भरताना 'मुदत कमी करा' असं स्पष्ट लिहून द्या. नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून मोकळे होतात.

आता शाखेचं. माझा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा तिथंच गेला. तोंडी विचारलं की 'हेड ऑफिस ठरवतं' आणि हेड ऑफिसला फोन केला की 'शाखेत अर्ज द्या'. अर्ज नेला तर काउंटरवरची मुलगी घ्यायला तयार, पण पोचेचा शिक्का मारायला तयार नाही. 'सर, अशा अर्जाला इनवर्ड नंबरच नसतो' म्हणे. पाठीमागं भिंतीवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल लावलेला फलक होता, त्याच्यापुढं फिकस ठेवलेला. कुंडी सरकवून फोटो काढला तेव्हा साहेब केबिनमधून बाहेर आले. मग म्हणाले, मुदत वाढल्याचं पत्र पाठवलंय की. ते पत्र इंग्रजीत, चार पानी, मधल्या एका ओळीत 'टेनर रिवाइज्ड', आणि गेलं होतं जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर. बदल झाला की सूचना कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत द्यावी, आणि दरातला बदल पुढच्या तारखेपासूनच लावावा, मागच्या तारखेपासून नाही, असं कंपन्यांच्या उचित व्यवहार संहितेतच आहे. आपल्याकडे कर्नाटकात म्हणून कन्नड नाहीतर इंग्रजी असा सरसकट नियम सांगतात. तो वाद इथं नको. अर्जात एवढंच लिहा की मला मराठी कळतं, सूचना मराठीत हवी. पत्ता आणि मोबाईल नंबरही त्याच दिवशी बदलून घ्या.

त्याच साहेबांनी शेवटी सांगितलं, 'समाधान नसेल तर आरबीआय लोकपालाकडे जावा.' मी गेलो. तक्रार परत आली, कारण माझ्या वेळी तरी हाउसिंग फायनान्स कंपन्या त्या लोकपाल योजनेत नव्हत्या. त्यांच्या तक्रारी नॅशनल हाउसिंग बँकेकडे जातात, GRIDS नावाच्या पोर्टलवर. हे त्यांना माहीत नसेल असं मला अजूनही वाटत नाही, पण असो. मधले महिने वाया गेले आणि व्याज काही थांबलं नव्हतं. तुमचं कर्ज बँकेचं असतं तर cms.rbi.org.in बरोबर होतं. तिथंही आधी बँकेला लेखी तक्रार करून तीस दिवस थांबावं लागतं.

तेव्हा काउंटरवर वाद घालू नका. भिंतीवरच्या ईमेलवर अर्ज टाका, तोच छापून स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्यात इतकंच मागा: कर्ज दिल्यापासून दर कधी कधी बदलला आणि प्रत्येक वेळी मला कसं कळवलं, त्याची यादी, आजची बाकी, उरलेले हप्ते आणि दर, आणि मूळ मुदत ठेवली तर हप्ता किती, हप्ता ठेवला तर मुदत किती, मधला मार्ग धरला तर किती. शेवटी तुम्हाला काय हवं तेही लिहा, उदाहरणार्थ 'मूळ मुदत कायम ठेवून हप्ता वाढवावा'. नुसती तक्रार केली की नुसतंच उत्तर येतं. या यादीला मात्र काहीतरी आकडा द्यावाच लागतो. माझं काम याच अर्जानं हललं, पोर्टलवर टाकल्यावर.

रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. बाउन्सचा दंड लागतो, सिबिल खराब होतो, आणि पुढं दुसरी बँक कर्ज उचलून घेत असेल तर तीच वाट बंद होते.

दर वाढला तेव्हा 'आरबीआयनं वाढवला' असं तुम्हालाही सांगितलं असेल. बँकांची ऑक्टोबर 2019 नंतरची फ्लोटिंग घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असतात, तिथं रेपो उतरला की तीन महिन्यांच्या आत दर बदलावाच लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांचं तसं नाही. त्यांचा पीएलआर, म्हणजे आपला दर ज्यावरून ठरतो तो मूळ दर, त्या स्वतः ठरवतात, म्हणून चढताना लगेच चढतो आणि उतरताना रमतगमत येतो. रेपो फेब्रुवारी 2025 ते जून 2025 मध्ये साडेसहावरून साडेपाचवर आला. तुमच्या स्टेटमेंटमध्ये त्यातलं किती उतरलं ते बघा. फार कमी उतरलं असेल तर 'कन्व्हर्जन' मागा. फी घेऊन नव्या ग्राहकाच्या जवळपासचा दर देतात. मला बाकीच्या अर्धा टक्का अधिक जीएसटी सांगितला होता, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास. साडेनऊचा दर पावणेनऊ झाला तर वरच्या हिशेबात महिन्याला 890 वाचतात, म्हणजे साधारण तेरा महिन्यांत फी वसूल. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवलं तर दर आणखी खाली मिळेलही, पण गहाणखत नोंदणीचा, मूल्यांकनाचा आणि वकिलाच्या सर्च रिपोर्टचा खर्च आधी विचारून घ्या.

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कर्ज सौहार्द सहकारी किंवा क्रेडिट सोसायटीचं असेल, आपल्या भागात तेच जास्त. तिथं वरचं परिपत्रक चालत नाही, त्या संस्था रिझर्व्ह बँकेच्या या नियमांखाली नाहीत. तिथं करारातलं कलम, पोटनियम आणि निबंधक. बहुराज्यीय असेल तर केंद्रीय निबंधक, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यासाठी सहकारी लोकपालही आहे. आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते पासबुकावरच्या नोंदणी क्रमांकाजवळ छापलेलं असतं. अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते तिथून ठरवा.

तुमचं जमलं तर दराच्या बदलांची यादी आल्यावर इथं टाका, खाते क्रमांक झाकून. हिशेब मी करून देतो.