हवामान बदलावरची डॉक्युमेंटरी, जी बघून खचायला होणार नाही

प्रश्न: क्लायमेटवरच्या डॉक्युमेंटरी बघितल्या की आता काही होणारच नाही असं वाटतं, माहिती मिळेल आणि काहीतरी करावंसं वाटेल अशी एखादी आहे का?

'२०४०' बघा, डेमन गॅमो या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाची, २०१९ ची. त्याने ती आपल्या चार वर्षांच्या मुलीला पत्र लिहावं तशी केलीय आणि स्वतःला एकच अट घातलीय, की आज जगात कुठेतरी खरंच सुरू असलेलेच उपाय दाखवायचे, कल्पनेतलं तंत्रज्ञान नाही. मी ओळखीच्यांना बांगलादेशचा भाग आधी दाखवते. तिथे गावातल्या घरांवरची छोटी सोलर पॅनल वायरने एकमेकांना जोडलीत, प्रत्येक घरात एक मीटरसारखा डबा, ज्याच्याकडे वीज उरते तो ती शेजाऱ्याला विकतो, आणि ज्याला पॅनल परवडत नाही त्यालाही लागेल तेवढी विकत घेता येते. हे बघितल्यावर माणूस "आपल्या सोसायटीत किंवा वाडीवर असं जमेल का" हे विचारायला लागतो, कारण नुसता वितळणारा बर्फ बघून भीती वाटते पण पुढे करायचं काय ते कळत नाही, इथे निदान कोणी काय जोडलं आणि पैसे कसे फिरतात ते तरी दिसतं. फक्त खोल समुद्रात शैवाल वाढवायचा जो भाग आहे तो जरा जपून घ्या, ते काम तेव्हा प्रयोगाच्याच पातळीवर होतं आणि सिनेमात त्याच्याकडून फारच मोठी अपेक्षा ठेवलीय.