दोन संवादांमधले चार सेकंद

‘सर, माझी मुलगी नाशिकमध्येच बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंध प्रेक्षकांसाठी व्हिडिओचं वर्णन लिहिण्याचं काम करायचं म्हणते. पडद्यावर दिसतं ते सांगायचं, यात शिकण्यासारखं काय? आणि काम मिळेल का?’ – एक आई, पंचवटी

ताई, एक प्रसंग घेऊन सांगतो. स्वयंपाकघरात आई म्हणते, ‘सांभाळून जा.’ मग चार सेकंद शांतता, आणि दारातून मुलगा म्हणतो, ‘येतो.’ वर्णन त्या चार सेकंदांतच बसवायचं, कारण संवाद चालू असताना बोलायचं नसतं. नवखा माणूस लिहितो: ‘दुःखी झालेली आई हातातलं जुनं पिवळं पाकीट हळूच तांदळाच्या डब्याखाली लपवून ठेवते आणि पदराने डोळे पुसते.’ सोळा शब्द. निवांत वाचताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे हे आठ सेकंदांचं झालं.

आता काय गाळायचं? ‘दुःखी’ जातं, डोळे पुसले की ऐकणाऱ्याला ते कळतंच. पाकिटाचा रंग पुढे कुठे कामाला येत नाही, तोही जातो. पण तांदळाचा डबा ठेवावाच लागतो, कारण शेवटी मुलाला ते पाकीट तिथेच सापडतं. म्हणून पूर्ण फिल्म पाहिल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. उरतं ते असं: ‘पाकीट तांदळाच्या डब्याखाली सरकवते. डोळे पुसते.’ सहा शब्द, तीन सेकंद, वर श्वासाला जागा. ‘आई’ लिहायचीही गरज नाही. घरात बाई एकच आहे आणि ‘सरकवते’वरून ती कळते. दुसरी बाई असती, तर मात्र नाव द्यावं लागलं असतं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही या कामातली खरी अडचण. वाक्य लांबलं आणि संवाद सुरू झाला, की नेमकी कृतीच कापली जाते. तांदळाचा डबा ऐकू येतो, त्याचं काय केलं ते कळत नाही. म्हणून वाक्यं तोकडी ठेवायची.

कामाबद्दल स्पष्टच सांगतो: मराठीत यावर पूर्णवेळ नोकरीची आशा धरू नका. डबिंग आणि सबटायटलच्या कामाला जोडून हे करावं. मागणीला आधार मात्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑडिओ डिस्क्रिप्शनचा, म्हणजे याच वर्णनाचा, उल्लेख आहे, आणि २०२४ मध्ये केंद्राने चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या.

मुलीला पाच मिनिटांच्या एखाद्या लघुपटाची स्क्रिप्ट लिहायला सांगा. प्रत्येक ओळीसमोर सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ हवी. मग ती मोबाइलवर रेकॉर्ड करून एखाद्या अंध श्रोत्याला ऐकवू दे. अंधांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’ संस्थेचं महाराष्ट्र युनिट आपल्या नाशिकमध्येच आहे, तिथे विचारता येईल. ऐकून झाल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नये. ‘पाकीट कुठे आहे?’ असं विचारावं. उत्तर आलं नाही, तर ती ओळ पुन्हा लिहायची.